एक फिल्म, चार घरं, सदतीस सूचना

सहस्रचंद्रदर्शनाचं गणित फार अवघड नाही. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, किंचित जास्तच, असं धरलं की हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला ऐंशी वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात. म्हणून हा सोहळा एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर होतो. हॉल सहा महिने आधी ठरतो, गुरुजी ठरतात, आचारी ठरतो. अलीकडे त्यात आणखी एक गोष्ट आली आहे. जेवणाच्या पंगतीआधी पडद्यावर दाखवायची पंधरा-वीस मिनिटांची फिल्म. जुने फोटो, मुलांच्या मुलाखती, एखादी सापडलेली व्हिडिओ कॅसेट, मागे संगीत. ती बनवण्याचं काम बहुतेक वेळा घरातल्या, लॅपटॉपवर संकलन जमणाऱ्या नातवंडाकडे येतं. आणि तिथून पुढे त्या नातवंडाची झोप उडते. त्याला कारण तंत्रज्ञान नसतं, नातेवाईक असतात.

ही झोप कशी वाचवता येते हे पाहायला सांगलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातले पेच अशी फिल्म बनवलेल्या कुणालाही ओळखू येतील. आजोबा एसटीतून निवृत्त झालेले. आजी सात वर्षांपूर्वी गेल्या. थोरले काका पुण्यात, आत्या डोंबिवलीत, धाकटे काका-काकू न्यू जर्सीत, आणि नात तिच्या आईबाबांबरोबर आजोबांजवळ सांगलीतच. म्हणजे चार घरं. नातीनं सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या, ट्रंकेतले फोटो स्कॅन केले, लग्नाची एक जुनी कॅसेट कोल्हापुरात नेऊन डिजिटल करून आणली. पहिलं संकलन एकवीस मिनिटांचं झालं. हॉलमध्ये मिळणारा वेळ अठरा मिनिटांचा.

अशा वेळी सर्वांत सोपं वाटतं ते म्हणजे फाइल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायचं, ‘बघा आणि सांगा कसं वाटतंय.’ चूक नेमकी इथे होते, आणि तीही दुहेरी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान होते. ती कुणी रिक्षात, कुणी आवाज बंद करून, कुणी निम्मीच पाहतं. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपवर पहिला जो बोलतो तो बाकीच्यांचं मत ठरवतो. थोरल्या काकांनी ‘आजारपणाचा भाग नको’ असं लिहिलं की ज्यांना तो भाग आवडला होता ते गप्प बसतात आणि मग नातीला स्वतंत्र फोन करतात. आता तिच्याकडे एक जाहीर मत आणि तीन खाजगी मतं आहेत. ती एकदा काकांचं ऐकून भाग काढते, मग आत्याचं ऐकून परत घालते. प्रत्येक फेरीत तीच चार मिनिटं आत-बाहेर होत राहतात आणि फिल्म कुठेच पुढे सरकत नाही.

व्यावसायिक चित्रपटसृष्टीला हा त्रास नवा नाही. तिथे काका-आत्यांच्या जागी निर्माते, वितरक आणि पैसा लावणारे असतात. म्हणूनच अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं, डायरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिकानं, आपल्या करारात एक कुंपण घालून घेतलं आहे. मोठ्या चित्रपटांच्या दिग्दर्शकाला आपलं पहिलं संकलन पूर्ण करायला साधारण दहा आठवडे मिळतात आणि त्या काळात त्यात कुणी ढवळाढवळ करायची नसते. सूचना येतात, पण त्यानंतर. दिग्दर्शकाला खूश ठेवण्यासाठी ही सोय झाली, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यामागे व्यवहार आहे. अर्ध्या झालेल्या फिल्मवर आलेली सूचना बहुतेकदा अर्धवटपणावरच असते. संगीत बसलेलं नाही, आवाज कमी-जास्त आहेत, दोन भागांमधला दुवा अजून नाही. अशा वेळी पाहणारा म्हणतो, ‘कंटाळवाणं आहे.’ त्याला कंटाळा आलेला असतो हे खरं, पण तो गोष्टीचा नसतो.

घरच्या फिल्मला दहा आठवडे कोण देणार! पण क्रम उसना घेता येतो. आधी कागद, मग एकटीनं केलेलं संकलन, मग सूचना.

कागदावर तीनच गोष्टी ठरवायच्या असतात, मात्र त्या पहिला कट लावण्यापूर्वी. किती मिनिटं? कोण दिसलंच पाहिजे? शेवटचा शब्द कुणाचा? यातला पहिला प्रश्न हॉलवाला आणि गुरुजी सोडवतात. दुसऱ्यासाठी प्रत्येक घराकडून एकेक यादी मागवावी. आत्याच्या यादीत तिच्या सासूबाई असतील, काकूंच्या यादीत त्यांचे आईवडील असतील, आणि ही नावं नातीला स्वतःहून कधीच सुचली नसती. माहेरची माणसं राहून गेली ही तक्रार कार्यक्रमानंतर वर्षानुवर्षं ऐकू येते, म्हणून ती आधीच कागदावर आलेली बरी. तिसरा प्रश्न नाजूक. शेवटचा शब्द वयानं मोठ्या माणसाचा, हे आपल्याकडे गृहीतच असतं. पण या घरात थोरले काका स्वतः फिल्ममध्ये बोलणारे, आजारपणाच्या भागावर ठाम मत असलेले. ते पंच कसे होणार? या घरानं हा मान नातीच्या आईला दिला, तर पहिल्यांदा भुवया उंचावतील. पण विचार केला तर निवड चोख आहे. ती सून आहे, चारही घरांशी तिचं बोलणं आहे, आणि जुन्या भावंडांच्या हिशेबात तिचा स्वतःचा असा वाटा नाही. आजोबांना पंच करू नये. सोहळा त्यांचा आहे. मुलांच्या भांडणात निवाडा द्यायला लावणं ही त्यांना द्यायची भेट नव्हे.

मग दाखवायची प्रत. तिच्यात दोन गोष्टी चित्रावरच कोरलेल्या हव्यात. एका कोपऱ्यात धावणारी वेळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक. बहुतेक संकलन सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये ती Workspace मेनूत Data Burn-In या नावानं सापडते. पडद्यावर वेळ दिसत असली की आत्या ‘ते आजीचं झाल्यावर जे येतं ना, ते’ असं न म्हणता ‘बारा मिनिटं चाळीस सेकंद’ असं म्हणू शकते. आवृत्तीचा क्रमांक दिसत असला की न्यू जर्सीतले काका जुनीच प्रत पाहून सूचना करत नाहीत ना, हे लगेच कळतं. फाइलऐवजी एकच लिंक पाठवावी, आणि उत्तरं ग्रुपवर न मागता प्रत्येक घराकडून वेगळी, ठरावीक रविवारपर्यंत मागवावीत.

आणि ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याचं उत्तर एकतर ‘छान’ असतं किंवा वीस मिनिटांचा फोन असतो. त्याऐवजी तीन प्रश्न पुरतात. कुठे माहिती चुकली आहे? दोनशे पाहुण्यांसमोर पडद्यावर आलेलं कुणाला खुपेल असं काही आहे का? कुठे लक्ष उडालं किंवा काय चाललंय ते कळलं नाही? या प्रश्नांत उपाय विचारलेला नाही, हे लक्षात घ्यावं. लोक उपाय देतातच. पण त्यांनी काय पाहिलं आणि त्यांना काय सुचलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संकलकाला मुख्यतः पहिली हवी असते.

या घरात चार घरांकडून मिळून सदतीस सूचना आल्या. नातीला पहिल्या नजरेत ते सदतीस बदल वाटले. पण एका वहीत चार रकाने पाडून त्या वाटून टाकल्यावर चित्र निराळं दिसलं. चुकीच्या माहितीबद्दल नऊ. कुणाला लागेल याबद्दल पाच. ‘अमुक जास्त दाखव’ अशा अकरा. उरलेल्या बारा निव्वळ आवडीनिवडीच्या.

माहितीच्या चुकांवर मतदान नसतं. त्या पुरावा पाहून दुरुस्त होतात आणि तिथेच संपतात. एका फोटोवर नातीनं १९७८ साल टाकलं होतं. बाबा म्हणाले बरोबर आहे, थोरले काका म्हणाले नाही. निकाल फोटोतच होता, कारण आजीच्या कडेवर जे बाळ आहे ते धाकटे काका, आणि त्यांचा जन्म १९८१चा. जुन्या फोटोंचा काळ ठरवायला कडेवरचं मूल हे फार विश्वासू साधन आहे, आठवणींपेक्षा नक्कीच. नावांच्या पाट्या तपासताना सर्वांत जपून पाहायची जागा म्हणजे ‘कै.’. हयात माणसाच्या नावाआधी ते लागलं तर हॉलमध्ये काय होईल हे सांगायला नको. गेलेल्याच्या नावाआधी राहिलं तर त्यांच्या घरचे गप्प राहतात, पण विसरत नाहीत. नऊपैकी दोन सूचना याच होत्या. हे सगळं दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागते आणि एकाही प्रसंगाची जागा बदलावी लागत नाही.

‘जास्त दाखव’ हा रकाना फसवा. काकूंनी लिहिलं होतं, ‘आमची मुलं एकदाच दिसतात.’ नातीनं मोजलं तर ती सात ठिकाणी होती. दोघंही बरोबर होते. सातपैकी सहा ठिकाणी ती वीस-पंचवीस जणांच्या समूहफोटोत होती, आणि तो फोटो पडद्यावर चार सेकंदं. एकट्या माणसाचा फोटो चार सेकंदांत नीट पाहून होतो. वीस चेहऱ्यांत आपला चेहरा शोधायला तेवढा वेळ पुरत नाही. शोध पूर्ण होण्याआधी चित्र पालटतं आणि मनात राहतं ते ‘आम्ही नव्हतोच’. उपाय फोटो वाढवण्याचा नाही. दोन समूहफोटो काढून टाकायचे, उरलेल्यांपैकी एकावर सात-आठ सेकंदं थांबायचं आणि चौकट हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायची, म्हणजे प्रत्येक चेहरा क्षणभर तरी मोठा होतो. अकरापैकी सात तक्रारी या एका बदलानं मिटल्या आणि फिल्म उलट थोडी लहान झाली.

उरलेल्या चारांसाठी नातीच्या आईनं एक नियम घातला. काही वाढवायचं असेल तर तेवढंच काय काढायचं तेही सांगायचं, आणि काढायचं ते स्वतःच्या घराच्या भागातून. धाकट्या काकांना त्यांच्या पदवीदान समारंभाची चाळीस सेकंदं हवी होती. काय काढू, असं विचारल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि फोटो एकच ठेव म्हणाले. हा नियम कंजूष वाटेल. पण अठरा मिनिटं ही सगळ्यांची मिळून आहेत, हे समजावून सांगण्यापेक्षा हिशेबात दाखवणं जास्त चालतं.

आता खरा पेच. आजींच्या आजारपणाचा भाग साडेतीन मिनिटांचा होता. त्यात आत्याची मुलाखत होती आणि इस्पितळातला एक फोटो. थोरले काका लिहितात, ‘शुभ प्रसंगी हे नको. पूर्ण काढ.’ आत्या लिहिते, ‘आईचा भाग फार थोडका आहे. वाढव.’ अशा ठिकाणी नवखा संकलक मधला रस्ता काढतो, साडेतीनची दोन मिनिटं करतो. मग काका म्हणतात तरीही आहेच, आत्या म्हणते आणखी कमी केलंस. दोघंही नाराज, आणि आता तर दोघंही त्या दोन मिनिटांवर डोळा ठेवून.

‘अपोकॅलिप्स नाऊ’ आणि ‘द इंग्लिश पेशंट’चे संकलक वॉल्टर मर्च यांनी आपल्या ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या छोट्या पुस्तकात याबद्दल वैद्यकातलं एक उदाहरण दिलं आहे. रुग्ण कोपर दुखतं म्हणून येतो, पण दुखण्याचं मूळ कधी खांद्यात असतं. कोपरावरच शस्त्र चालवणारा वैद्य नव्हे, भोंदू. चाचणीसाठी चित्रपट दाखवल्यावर प्रेक्षक एखाद्या प्रसंगाकडे बोट दाखवतात, तेव्हा बिघाड त्या प्रसंगातच असेल असं नाही. आधी काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं आणि त्याचा त्रास इथे जाणवतो.

नातीनं दोघांनाही फोन केला आणि एकच विचारलं, तो भाग पाहताना नेमकं कुठे खटकलं? काकांचं उत्तर होतं, ‘तो नळ्या लावलेला फोटो. आई कधी कुणासमोर केस न विंचरता आली नाही.’ म्हणजे त्यांचा आक्षेप आजारपणाला नव्हताच. आईची ती अवस्था दोनशे लोकांनी पाहण्याला होता. आत्याचं उत्तर आणखी बोलकं होतं. ‘अगं, सगळ्या फिल्ममध्ये आई फक्त आजारीच आहे.’ नातीनं वेळपत्रक पाहिलं तर खरंच, आजी पहिल्यांदा ठळकपणे दिसत होत्या त्या बाराव्या मिनिटाला, पलंगावर. त्याआधी त्या फक्त फोटोंच्या कडेला होत्या. बिघाड बाराव्या मिनिटात नव्हता, तिसऱ्यात होता.

इस्पितळातला फोटो गेला. आजारपण दीड मिनिटावर आलं, फक्त आत्याच्या आवाजात, पडद्यावर आजींच्या हातचं रांगोळीचं अंगण. आणि मोकळ्या झालेल्या वेळात तिसऱ्या मिनिटाला जुन्या कॅसेटमधला तुकडा आला, ज्यात आजी लग्नघरात कुणाला तरी पानं मांडण्यावरून दरडावत आहेत. काका म्हणाले काढलंस ते बरं झालं. आत्या म्हणाली वाढवलंस ते बरं झालं. बदल एकच होता, आणि दोघांनी सुचवलेल्या उपायांपैकी एकही तसाच्या तसा वापरलेला नव्हता.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. मुलाखत देणाऱ्यानं स्वतःचे शब्द मागे घ्यायचे म्हटले तर ते काढावेतच, कारण न विचारता, फिल्मच्या सोयीसाठी. पण दुसऱ्याचे शब्द काढायला लावण्याचा हक्क कुणालाच नसावा. त्यासाठी पंचाकडे जावं. दुसऱ्या रकान्यातल्या पाचपैकी तीन सूचना पहिल्या प्रकारच्या होत्या. बाबांनी कर्जाबद्दल बोललेलं एक वाक्य स्वतःच नको म्हटलं. ते गेलं, चर्चा झाली नाही.

पाचवी सूचना मजेशीर निघाली. आत्याला नोकरीसाठी मुंबईला पाठवायचं आजोबांना कुणी पटवलं? थोरले काका मुलाखतीत सांगतात, मी. आत्या सांगते, आईनं, स्वतःच्या पाटल्या गहाण टाकून. फिल्ममध्ये फक्त काकांचं होतं, म्हणून आत्याला लागलं होतं. कागदपत्र नाही, कडेवर मूल नाही, निकाल लागणार कसा?

कॅनडाच्या दिग्दर्शिका सारा पॉली यांच्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या आकारात उभा होता. २०१२च्या ‘स्टोरीज वी टेल’ या माहितीपटात त्यांनी आपल्या दिवंगत आईची, डायन यांची, गोष्ट सांगितली आहे. ज्यांनी सारा यांना वाढवलं ते मायकेल पॉली त्यांचे जन्मदाते वडील नव्हते. ते होते हॅरी गल्किन हे चित्रपट निर्माते. भावंडं, वडील, मित्र, सगळे कॅमेऱ्यासमोर आपापली आठवण सांगतात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पॉली यांनी त्यातली एक खरी ठरवून बाकीच्या कापल्या नाहीत. त्या शेजारीशेजारी ठेवल्या. हॅरी यांचं मत तर असं की ही गोष्ट सांगण्याचा अधिकार त्यात प्रत्यक्ष असलेल्यांनाच आहे, इतक्या जणांना विचारायचं कशाला? हा आक्षेपही फिल्ममध्येच आहे. म्हणजे चित्रपटाच्या पद्धतीवरची हरकत संकलनाच्या टेबलावर न मिटवता पडद्यावर आणली गेली.

सांगलीच्या घरात एवढं मोठं गुपित नाही, पण युक्ती तीच लागू पडते. काकांचं वाक्य पंधरा सेकंदं, लगेच आत्याचं पंधरा, आणि मग आजोबांना तोच प्रश्न विचारून टिपलेलं उत्तर, ‘मला कुणी पटवलं नाही. मी आधीच फॉर्म आणून ठेवला होता.’ हॉलमध्ये सर्वांत मोठा हशा कुठे पिकेल हे सांगायला संकलक लागत नाही. मात्र हा मार्ग ज्या वादावर सगळ्यांना हसता येईल त्याच्यासाठीच. वाटणीचा वाद, मोडलेलं लग्न, बोलणं बंद असलेलं घर, यांत दोन्ही बाजू शेजारीशेजारी ठेवणं म्हणजे हॉलमध्ये भांडण लावणं. पॉली यांच्याकडे काही वर्षं होती आणि बोलायला तयार असलेलं कुटुंब होतं. तसं नसेल तर तो विषय फिल्ममध्ये घेऊच नये, आणि वेगळ्या झालेल्या जावयाचा फोटो ठेवायचा की नाही हे ज्याच्या-त्याच्या बायकोला किंवा मुलांना विचारावं, संकलकानं अंदाज करू नये.

राहिल्या बारा आवडीनिवडीच्या सूचना. थोरल्या काकांना मागे भावगीत हवं, धाकट्यांना सनई, आत्याला काहीच नको. यातल्या बऱ्याच एकमेकींना खोडतात, आणि तो दिलासाच आहे. तीन घरांना एकाच जागी तीन वेगळी गाणी हवी असतील तर त्या जागी संगीताचा प्रश्न नाही, फक्त तीन आवडी आहेत. म्हणून हा रकाना संकलकाचा. अपवाद एकच, दोन किंवा अधिक घरांनी एकमेकांशी न बोलता एकाच मिनिटाबद्दल तक्रार केली असेल तर तिथे काहीतरी आहे. इथे दहाव्या मिनिटाबद्दल तसं झालं. ऐकू येत नाही, अशी दोन घरांची तक्रार. कारण साधं होतं. आजोबा बोलत असताना मागे शब्दांचं गाणं चालू होतं. दोन माणसं एकदम बोलावीत तसे गाण्याचे आणि माणसाचे शब्द एकमेकांत अडकतात, आणि आवाज कितीही कमी-जास्त केला तरी तो गुंता पूर्ण सुटत नाही. बोलण्याखाली फक्त वाद्यसंगीत घ्यायचं, शब्द असलेलं गाणं जिथे कुणी बोलत नाही तिथे. भावगीत अशा रीतीनं फोटोंच्या मालिकेवर बसलं. काकांना वाटलं त्यांचं ऐकलं. त्यांचंही ऐकलं होतंच.

सगळं झाल्यावर नातीनं प्रत्येक घराला एक छोटं उत्तर पाठवलं. कुठली सूचना घेतली, कुठली नाही, आणि न घेतलेल्यांपुढे एका ओळीत कारण. ही पायरी बहुतेक जण गाळतात. सूचना नाकारल्याचं जितकं लागतं, त्याहून ती वाचलीच गेली नसेल या शंकेचं जास्त लागतं, आणि तीच सूचना मग दुसऱ्या फेरीत चढ्या आवाजात परत येते.

दुसरी फेरी शेवटची, हे आधीच सांगितलेलं होतं. तिच्यात प्रश्न दोनच, माहिती चुकली आहे का आणि कुणाला लागेल का. त्यानंतर चित्राला कुलूप. व्यवसायात याला पिक्चर लॉक म्हणतात. कोणता शॉट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आता हलणार नाही. याचं कारण पुढच्या कामात आहे. कुलुपानंतर आवाज सारखे केले जातात, संगीत चित्राच्या बदलांवर बसवलं जातं, रंग जुळवले जातात, न्यू जर्सीच्या नातवंडांसाठी इंग्रजी उपशीर्षकं टाकली जातात. पाचव्या मिनिटातली सहा सेकंदं काढली की त्यापुढच्या सगळ्या वेळा सहा सेकंदांनी सरकतात. सॉफ्टवेअर बरंचसं सांभाळतं, पण सतारीची जी छेड बरोबर आजोबांच्या हसण्यावर पडत होती ती आता रिकाम्या भिंतीवर पडते. ते पुन्हा हातानंच बसवावं लागतं. म्हणून कुलुपानंतर लांबी न बदलणारे बदलच करायचे. नावातलं ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेलं ‘कै.’, किंवा एका फोटोच्या जागी तेवढाच वेळ दुसरा.

गाडी रुळावरून घसरते आहे हे ओळखायच्या खुणाही आहेत. दुसऱ्या फेरीतली सूचना पहिल्या फेरीतल्या मान्य झालेल्या सूचनेला उलटवत असेल तर शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नाही, किंवा ठरूनही पाळलं जात नाही. फेरीगणिक लांबी वाढत असेल तर सगळ्यांना हो म्हटलं जातंय. आणि ‘आधीचंच बरं होतं’ असं कुणी म्हणालं तर ते खरं असू शकतं. ते तपासता यावं म्हणून प्रत्येक फेरीआधी टाइमलाइनची प्रत काढून ठेवायची, जुनीवरच कातरी चालवायची नाही. दोन प्रती लागोपाठ पाहायला वीस-वीस मिनिटं लागतात. आठवणीवर वाद घालायला दोन संध्याकाळी जातात.

एक मोह मात्र टाळावा, प्रत्येक घराला वेगळी आवृत्ती करून द्यायचा. पुण्याला आजारपणाशिवाय, डोंबिवलीला आजारपणासह. हे दोन आठवड्यांतच उघड होतं, आणि मग तुमच्या फिल्ममध्ये काय आहे आणि आमच्यात काय नाही याची तुलना सुरू होते. त्याऐवजी अख्ख्या मुलाखती, न कापलेल्या, एका हार्ड डिस्कवर. माणसाचं नाव, तारीख आणि कुठल्या मिनिटाला काय विषय येतो एवढी यादी सोबत. धाकट्या काकांचा पदवीदान समारंभ तिथे पूर्ण आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री न्यू जर्सीहून चौदा फोटो आले. ‘आत्ताच सापडले, कुठेतरी घाल.’ चित्राला कुलूप लागून आठवडा झाला होता. नातीनं ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले आणि जेवणाच्या वेळी पडद्यावर आपोआप फिरणाऱ्या फोटोमालिकेत लावले, प्रत्येकी आठ सेकंदं.